एकशे नऊ टक्के ॲसिड

रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीत शिरणाऱ्या एखाद्या टँकरच्या कागदपत्रांवर ‘ओलियम, १०४.५ टक्के’ असं लिहिलेलं दिसलं, तर नवख्या माणसाला तो आकडा चुकला असंच वाटेल. शंभरातून शंभर घेतल्यावर वरचे साडेचार आले कुठून? अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात ‘१०९ टक्के ओलियम’चं गणित येतं, तेव्हाही मुलं हाच प्रश्न विचारतात. बऱ्याचदा त्यांना एक सूत्र पाठ करायला दिलं जातं आणि प्रश्न तसाच राहतो. तो आकडा बरोबर आहे. नीट वाचला तर त्या एका आकड्यातून मालात नेमकं काय आहे, त्यात किती पाणी जिरेल आणि आपल्याला हवं ते ॲसिड किती मिळेल, या तिन्ही गोष्टी कळतात.

सुरुवात ॲसिड तयार होतं तिथून करू. सल्फ्युरिक ॲसिडच्या कारखान्यात गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड वायू तयार करतात. व्हॅनेडियम पेंटॉक्साइड या उत्प्रेरकाच्या थरांतून जाताना त्याला आणखी ऑक्सिजन मिळतो आणि सल्फर ट्रायऑक्साइड तयार होतो. हा ट्रायऑक्साइड पाण्याच्या एका रेणूशी जोडला गेला की सल्फ्युरिक ॲसिड झालं:

SO3 + H2O → H2SO4

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात मात्र ट्रायऑक्साइड वायू थेट पाण्यात सोडला, तर तो पाण्यात उतरण्याआधीच वरच्या वाफेला पकडतो आणि ॲसिडचं दाट पांढरं धुकं तयार होतं. हे थेंब इतके बारीक असतात की ते खाली बसत नाहीत, सहजासहजी अडवताही येत नाहीत. म्हणून कारखान्यात ट्रायऑक्साइड पाण्यात न शोषता सुमारे ९८ टक्के ॲसिडमध्ये शोषतात. त्या ॲसिडवर पाण्याची वाफ जवळपास नसतेच, त्यामुळे वायू धुकं न करता मुकाट्याने आत जिरतो. ॲसिडमधलं दोन टक्के पाणी संपल्यावरही ट्रायऑक्साइड सोडत राहिलं, तर तो ॲसिडमध्ये विरघळून राहतो. त्याच्याशी जोडलं जायला पाणीच उरलेलं नसतं. शंभर टक्के ॲसिड आणि वर विरघळलेला हा मोकळा ट्रायऑक्साइड, असं मिश्रण म्हणजे ओलियम. बाटलीचं बूच काढलं की त्यातून पांढरा धूर निघतो. मोकळा ट्रायऑक्साइड हवेतला ओलावा पकडत असतो, त्याचा हा धूर.

आता आकड्याकडे येऊ. दुधाच्या पावडरीच्या पाकिटावर ‘इतक्या पावडरीपासून इतकं दूध’ असं छापलेलं असतं. ओलियमचा आकडा त्याच जातीचा आहे. १०९ टक्के याचा अर्थ, या ओलियमच्या १०० ग्रामांत लागेल तेवढंच पाणी घातलं, म्हणजे सगळा मोकळा ट्रायऑक्साइड ॲसिडमध्ये बदलला, की १०९ ग्राम शुद्ध सल्फ्युरिक ॲसिड हाती येईल. वरचे ९ ग्राम घातलेल्या पाण्याचे. म्हणजे शंभराच्या वरचा भाग हा ओलियममध्ये आत्ता असलेला पदार्थ नाही. तो बाहेरून येणार आहे, आणि तो पाणीच आहे.

एवढं ध्यानात आलं की पुढचं गणित सरळ आहे. पाण्याचा रेणुभार १८ आणि सल्फर ट्रायऑक्साइडचा ८०. दोघांची जोडी एकास एक, म्हणून १८ ग्राम पाणी ८० ग्राम ट्रायऑक्साइडला पुरतं. मग ९ ग्राम पाणी पुरेल ४० ग्रामांना. म्हणून १०९ टक्के ओलियममध्ये मोकळा ट्रायऑक्साइड ४० टक्के आणि उरलेलं ६० टक्के सल्फ्युरिक ॲसिड. ताळा करून पाहू. ४० ग्राम ट्रायऑक्साइडमध्ये ९ ग्राम पाणी मिळाल्यावर ४९ ग्राम ॲसिड झालं, त्यात आधीचं ६० ग्राम मिळवलं की बरोबर १०९.

टँकरमधल्या १०४.५ टक्क्यांचा अर्थही असाच काढता येतो. वरचे साडेचार गुणिले ८०, भागिले १८, म्हणजे २० टक्के मोकळा ट्रायऑक्साइड. बाजारात यालाच ‘२० टक्के ओलियम’ही म्हणतात. एकच माल दोन आकड्यांनी ओळखला जातो, आणि घोळ नेमका इथे होतो. एका कागदावर २० लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर १०४.५, आणि बघणाऱ्याला हे दोन वेगळे माल वाटतात. ‘६५ टक्के ओलियम’ याच हिशेबाने ११४.६ टक्के होतो. उलट दिशेने जाताना मोकळ्या ट्रायऑक्साइडच्या टक्क्यांना ०.२२५ ने गुणायचं आणि शंभरात मिळवायचं. या पद्धतीला वरची सीमाही आहे. भांड्यात निव्वळ ट्रायऑक्साइडच असेल, तर त्याच्या १०० ग्रामांना साडेबावीस ग्राम पाणी लागेल. म्हणून कोणत्याही ओलियमचा आकडा १२२.५ च्या पुढे जाऊच शकत नाही. कागदावर १२५ टक्के दिसला, तर लिहिणाऱ्याच्या हातून चूक झालेली आहे.

परीक्षेतल्या गणितांना १०९ हा आकडा फार आवडतो, कारण त्यातून ४० टक्के असं गोळीबंद उत्तर निघतं. बाजारात मात्र ४० टक्क्यांचा ओलियम विरळा, आणि त्याला पक्कं कारण आहे. शुद्ध सल्फ्युरिक ॲसिड सुमारे १० अंश सेल्सियसला गोठतं. त्यात ट्रायऑक्साइड विरघळत गेला की गोठणबिंदू आधी खाली जातो, मग झपाट्याने वर चढतो. मोकळा ट्रायऑक्साइड ४५ टक्क्यांच्या आसपास आला की तो ३५-३६ अंशांवर पोचतो. या प्रमाणात ट्रायऑक्साइड आणि ॲसिडचे रेणू एकास एक येतात आणि पायरोसल्फ्युरिक ॲसिड नावाचं संयुग तयार होतं. ते साध्या तापमानाला घट्ट स्फटिकरूप असतं. पुढे ६०-६५ टक्क्यांना गोठणबिंदू पुन्हा खाली येतो. ४० टक्क्यांचा माल ३० अंशांच्या वरच गोठायला लागतो, म्हणजे पुण्या-मुंबईतल्या थंडीतच काय, पावसाळ्यातही तो टँकरमध्ये दगड होऊन बसेल. म्हणून व्यापारात एकतर २०-२५ टक्क्यांचा ओलियम फिरतो, नाहीतर ६५ चा.

आता पाण्याचा प्रश्न. ‘१०९ टक्के ओलियम पातळ करायला किती पाणी?’ याला एकच उत्तर नाही. कुठपर्यंत पातळ करायचं, हे आधी सांगावं लागतं. १०० ग्राम ओलियमचं बरोबर शंभर टक्के ॲसिड करायचं तर पाणी ९ ग्राम. मात्र नेहमीच्या वापरातलं ॲसिड ९८ टक्क्यांचं असतं, आणि त्यात दोन टक्के पाणी जास्तीचं लागतं. इथे अनेक जण ९ मध्ये २ मिळवून ११ असं उत्तर देतात. ते थोडं चुकतं, कारण दोन टक्के हे शेवटच्या एकूण वजनाचे आहेत. बरोबर रीत अशी: शुद्ध ॲसिड १०९ ग्राम होणार आहे, आणि तेवढं ॲसिड शेवटच्या मिश्रणात ९८ टक्के असायला हवं. म्हणजे मिश्रणाचं एकूण वजन १०९ भागिले ०.९८, म्हणजे सुमारे १११.२ ग्राम. ओलियमचे १०० वजा केले की पाणी ११.२ ग्राम. प्रयोगशाळेतल्या एका बाटलीत ११ आणि ११.२ मधला फरक क्षुल्लक वाटेल. दहा टन मालावर तो वीस किलोच्या वर जातो.

हाच हिशेब टँकरच्या मापाने करू. दहा टन १०४.५ टक्के ओलियम म्हणजे दोन टन मोकळा ट्रायऑक्साइड आणि आठ टन ॲसिड. त्याचं शंभर टक्के ॲसिड करायला पाणी ४५० किलो पुरतं. ९८ टक्क्यांपर्यंत आणायचं तर शुद्ध ॲसिड १०,४५० किलो होणार, त्याला ०.९८ ने भागल्यावर एकूण १०,६६३ किलो, म्हणजे पाणी ६६३ किलो.

हे पाणी कागदावरच राहायला हवं. ट्रायऑक्साइड आणि पाणी जोडले जाताना प्रचंड उष्णता बाहेर पडते. द्रव ट्रायऑक्साइडच्या एका मोलमागे, म्हणजे ८० ग्रामांमागे, ती साधारण ८७ किलोज्यूल असते. ओलियममध्ये ट्रायऑक्साइड आधीच विरघळलेला असल्याने काही उष्णता कारखान्यातच निघून गेलेली असते, तरी उरलेली भीतीदायक असते. पाणी जिथे पडेल तिथे ते तत्क्षणी उकळतं, ॲसिडचे शिंतोडे उडतात आणि वर धुक्याचे लोट उठतात. ‘ॲसिड पाण्यात घाला, पाणी ॲसिडमध्ये नको’ असं आपण शाळेत शिकतो. साध्या सल्फ्युरिक ॲसिडला तो नियम पुरेसा आहे, ओलियमला नाही. ओलियम पाण्यात घातला तरी ट्रायऑक्साइडला पाण्याची वाफ मिळतेच, आणि धुकं होतंच.

म्हणून कारखान्यात ओलियमची तीव्रता कमी करायची असते तेव्हा त्यात पाण्याऐवजी कमी तीव्रतेचं ॲसिड मिसळतात. हवं ते पाणी त्या ॲसिडमध्ये आधीच बांधलेलं असतं. ॲसिडच्या मोठ्या साठ्यात, ते फिरतं आणि गार ठेवून, ओलियम हळूहळू सोडतात. शंभराच्या वरच्या त्या विचित्र आकड्याची खरी सोय इथे कळते. तीव्रता ‘सल्फ्युरिक ॲसिडचे टक्के’ या एकाच मापाने लिहिली की शंभराच्या वर आणि खाली असा भेद उरत नाही, आणि मिसळण्याचं गणित निव्वळ सरासरीचं होतं. समजा, आपल्याकडे १०४.५ टक्के ओलियम आणि ९३ टक्के ॲसिड आहे, आणि हवं आहे ९८ टक्के. ओलियम हव्या आकड्यापेक्षा साडेसहा वर, दुसरं ॲसिड पाच खाली. एकाची वरकड दुसऱ्याच्या तुटीत जिरवायची आहे, म्हणून ओलियमच्या पाच भागांना ९३ टक्क्यांचे साडेसहा भाग. दहा टन ओलियमला तेरा टन ॲसिड. पडताळा: दहा टनांतले १०.४५ आणि तेरा टनांतले १२.०९ मिळून २२.५४ टन शुद्ध ॲसिड, एकूण वजन २३ टन, आणि भागाकार बरोबर ०.९८. हेच गणित ‘२० टक्के मोकळा ट्रायऑक्साइड’ आणि ‘७ टक्के पाणी’ अशा दोन वेगळ्या मापांत करून पाहिलं, तर पानभर आकडेमोड होते आणि चुकीला प्रत्येक पायरीवर वाव राहतो. पाण्यालाही या मापात ० टक्के ॲसिड मानता येतं. ११.२ ग्रामांचं आधीचं उत्तर त्याच सरासरीतून निघतं.

मग मोकळ्या ट्रायऑक्साइडचा आकडा हवाच कशाला? तो हवा असतो खरेदीदाराला. रंगांच्या कारखान्यात नॅफ्थलीनसारख्या पदार्थांचं सल्फोनेशन करतात, म्हणजे त्यांच्या रेणूला सल्फोनिक गट जोडतात. साध्या सल्फ्युरिक ॲसिडने हे केलं, तर प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, ॲसिड पातळ होत जातं आणि एका टप्प्यावर क्रिया थंडावते. ओलियममधला मोकळा ट्रायऑक्साइड ते पाणी गिळत राहतो आणि क्रिया पुढे रेटतो. साबण-पावडरीच्या धंद्यात ज्याला ॲसिड स्लरी म्हणतात, ती ओलियम वापरून करतात तेव्हाही हाच आधार असतो. किती ओलियम घालायचा हे मोकळ्या ट्रायऑक्साइडवर ठरतं. ॲसिडचे टक्के मिसळण्याच्या कामाचे, मोकळ्या ट्रायऑक्साइडचे टक्के क्रियेच्या कामाचे, आणि दोघांमध्ये ८० आणि १८ चा पूल.

त्या पुलावरून जाताना एक मोठा धोका आहे, आणि पाठ्यपुस्तकातली गणितं तो कधीच सांगत नाहीत. त्यांत १०९ हा आकडा दिलेलाच असतो. कारखान्यात तो मोजावा लागतो. हायड्रोमीटर इथे कामाचा नाही, कारण ९५ ते १०० टक्क्यांच्या पट्ट्यात ॲसिडची घनता आधी किंचित वाढून पुन्हा कमी होते. एकाच घनतेला दोन तीव्रता निघतात. म्हणून आम्लता मोजावी लागते, तीही नमुन्याला हवेचा ओलावा लागू न देता. त्यासाठी काचेची नाजूक, लांब बारीक नळीची पोकळ गोळी घेतात. रिकामी गोळी तोलतात, किंचित गरम करून तिचं तोंड ओलियममध्ये बुडवतात. गार होताना ती साधारण एक ग्राम ओलियम आत ओढून घेते. नळीचं तोंड ज्योतीत वितळवून बंद करतात, बाहेरून पुसून पुन्हा तोलतात. मग ती पाणी असलेल्या जाड काचेच्या बाटलीत टाकून घट्ट बूच लावतात आणि बाटली जोराने हलवून गोळी फोडतात. आत क्षणभर दाट पांढरं धुकं भरतं. ते पूर्ण विरेपर्यंत बूच काढायचं नाही. घाईने उघडलं की ट्रायऑक्साइडचा काही भाग धुक्यातून निघून जातो आणि माल आहे त्यापेक्षा हलका दिसतो. शेवटी अल्कलीने टायट्रेशन करतात.

एक हिशेब बघा. गोळीत १.१५० ग्राम नमुना होता आणि अर्ध्या नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे ४९.०५ मिलिलीटर लागले. त्यावरून सल्फ्युरिक ॲसिड १.२०३ ग्राम निघतं, म्हणजे १०४.६ टक्के. मोकळा ट्रायऑक्साइड सुमारे २०.४ टक्के. आता समजा, शेवटचा रंग ओळखताना ब्युरेटमधून दोन थेंब जास्त पडले आणि वाचन ४९.१५ झालं. ॲसिडचे टक्के १०४.८ होतात, फरक ०.२ चा. ट्रायऑक्साइड मात्र २१.३ वर जातो, जवळजवळ एक टक्क्याने जास्त. कारण उघड आहे: शंभराच्या वरचा प्रत्येक दशांश ८० भागिले १८ ने, म्हणजे ४.४४ पटींनी मोठा होऊन ट्रायऑक्साइडच्या रकान्यात उतरतो. टायट्रेशनमधली बारीकशी चूकही तिथे साडेचारपट होते. म्हणून जाणता केमिस्ट एकाच वाचनावर ट्रायऑक्साइडचा आकडा लिहीत नाही. तो दोन-तीन गोळ्या फोडतो आणि वाचनं जुळतात का ते पाहतो. नमुन्यात सल्फर डायऑक्साइड विरघळलेला असेल तर तोही अल्कली खातो आणि आकडा खोटा फुगवतो. तो आयोडीनने वेगळा मोजून वजा करावा लागतो. वाचन वारंवार अपेक्षेपेक्षा कमी येत असेल, तर गोळीत भरताना किंवा बूच काढताना धुकं निसटत असणार, हे आधी तपासायचं.

मोकळा ट्रायऑक्साइड जितका जास्त, तितका सांडलेला ओलियम धोकादायक, हे भारताने ४ डिसेंबर १९८५ ला दिल्लीत पाहिलं. श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात ओलियमची टाकी ज्या आधारावर उभी होती तो कोसळला आणि टाकी फुटली. भोपाळला तेव्हा नुकतंच वर्ष झालं होतं. वर्तमानपत्रांत ‘ओलियम गॅस’ असा शब्द आला. ओलियम मात्र द्रव असतो. लोकांच्या छातीत गेलं ते ट्रायऑक्साइडने हवेतल्या ओलाव्याशी मिळून केलेलं ॲसिडचं धुकं. त्यात एका वकिलाचा मृत्यू झाला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये दिलेल्या निकालात धोकादायक उद्योगाची जबाबदारी पूर्ण असते आणि तिला अपवाद नाही, हे तत्त्व मांडलं. सरन्यायाधीश पी. एन. भगवती त्या घटनापीठावर होते. कॅलिफोर्नियातल्या रिचमंडला २६ जुलै १९९३ रोजी ओलियमच्या रेल्वे टँकरला, माल उतरवण्यासाठी, गरम केलं जात होतं. दाब वाढून टँकरचं सुरक्षा साधन फुटलं आणि धुक्याचा ढग वस्तीवर पसरला. वीस हजारांहून अधिक लोकांना उपचारांसाठी धाव घ्यावी लागली.

अशा गळतीवर पाण्याचा जोरदार फवारा सरळ मारणं ही पहिली चूक. ओलियमच्या साचलेल्या डबक्याला त्यातून हवं तेच मिळतं, उष्णता आणि धुकं. गळती छोटी असेल तर ती कोरड्या वाळूने झाकतात आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूने माणसं हलवतात. पाण्याचा पडदा वापरायचाच असेल तर तो दूरवर, हवेत गेलेलं धुकं अडवण्यापुरता. अमुक टन मालात ट्रायऑक्साइड किती आणि तो किती पाणी मागेल, हे टँकरवरच्या आकड्यातून तोंडी काढता येतं. दहा टन १०४.५ टक्के म्हणजे दोन टन ट्रायऑक्साइड, ४५० किलो पाण्याची तहान. हे पाणी तो हवेतून, जमिनीतून किंवा माणसाच्या फुफ्फुसातून, मिळेल तिथून घेणार आहे.